सातवा की सहावा? एका मंगळाच्या पत्रिकेचे पाच आठवडे

१२ जानेवारी २०२५, रविवार. दुपारी मुलाच्या आईंचा मामीला फोन आला. बोलणं गोड, पण मुद्दा एकच: "आमच्या गुरुजींनी पत्रिका बघितली. मुलीला कडक मंगळ आहे म्हणाले. लग्नाकडून, चंद्राकडून, शुक्राकडून, तिन्हीकडून. तुम्ही बायोडेटात 'मंगळ नाही' लिहिलंय, म्हणून विचारलं."

बायोडेटात तसं लिहिलं होतं खरं. तीन वर्षांपूर्वी कुठल्याशा मोफत ॲपने 'नाही' सांगितलं आणि तेच पुढे छापलं गेलं. घरात पत्रिकेचं गणित थोडंफार येणारी मी एकटीच, त्यामुळे मामेबहिणीचं हे प्रकरण माझ्याकडे आलं. पुढचे पाच आठवडे काय केलं, कुठे चुकलं, किती खर्च झाला, ते क्रमाने लिहितेय. पत्रिका मानायची की नाही हा वाद इथे नाही. समोरचे मानतात, म्हणून बघावी लागते, आणि बघायचीच तर नीट बघावी एवढंच.

त्याच रात्री तीन ॲपवर तीच माहिती भरली: ५ मार्च १९९५, पहाटे ५ वाजून ४५ मिनिटं, मुंबई. एकाने 'मांगलिक' सांगितलं, एकाने 'अंशतः मांगलिक', एकाने 'दोष नाही'. मामी घाबरली ती या तीन उत्तरांनी जास्त. डॉक्टर तीन गोष्टी सांगायला लागले की होतं तसं. पण तिन्ही ॲपनी मंगळ एकाच जागी दाखवला होता, कर्क राशीत, एकवीस-बावीस अंशांवर, वक्री. ग्रहाबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. फरक होता तो मोजायला कुठून सुरुवात करायची आणि कुठली घरं धरायची यात.

मंगळदोषाचा मूळ नियम एका ओळीचा आहे: "लग्ने व्यये च पाताले जामित्रे चाष्टमे कुजे". म्हणजे मंगळ पहिल्या, बाराव्या, चौथ्या, सातव्या किंवा आठव्या स्थानी असला की दोष. स्थानं मोजायची ती मुख्यतः लग्नापासून, आणि इथे लग्न म्हणजे विवाह नव्हे, जन्मवेळी पूर्वेला उगवत असलेली रास. आपल्याकडे महाराष्ट्रात ही पाच स्थानं धरतात. दक्षिणेत याच श्लोकाचा 'धने व्यये च' असा पाठ चालतो, म्हणजे पहिल्याऐवजी दुसरं स्थान. काही ॲप दोन्ही पाठ एकत्र करून सहा स्थानं धरतात. श्लोकाचा उत्तरार्ध नवरा-बायकोच्या मृत्यूबद्दल आहे, आणि सगळी भीती त्या अर्ध्या ओळीतून येते. मामीला तो अर्धा श्लोक पाठ होता, पहिला नव्हता.

आता साधा हिशेब करा. बारा घरांपैकी पाच, म्हणजे शंभरातले जवळजवळ बेचाळीस लोक लग्नाकडूनच मंगळाचे. चंद्राकडून आणि शुक्राकडूनही मोजलं, तर तिन्हीतून सुटायची शक्यता सात-बाराव्याचा तीनदा गुणाकार, म्हणजे सुमारे वीस टक्के. शंभरातले ऐंशी जण कुठून ना कुठून मंगळाचे निघतात. 'कडक' हा शब्द ऐकताना हे आकडे डोक्यात ठेवले की बरं पडतं. ऐंशी टक्के लोकांना लागू पडणारी गोष्ट दुर्मीळ शाप असू शकत नाही.

आणखी एक गोष्ट मामीला कागदावर काढून दाखवली. मंगळ एका राशीत साधारण दीड महिना असतो, पण वक्री झाला की महिनोन्‌महिने रेंगाळतो. १९९५ साली तो फेब्रुवारीत सिंहेतून मागे कर्केत आला आणि मे महिन्यापर्यंत तिथेच होता. याउलट लग्नरास दर दोन तासांनी बदलते. मंगळ कर्केत असताना मेष, कर्क, सिंह, धनु आणि मकर या पाच लग्नांना तो दोषाच्या स्थानी पडतो. म्हणजे त्या सगळ्या काळात मुंबईत रोज चोवीस तासांपैकी सुमारे दहा तास जी मुलं जन्मली, ती सगळी मंगळाची. त्या तिमाहीतले प्रसूतिगृहांचे वॉर्डच्या वॉर्ड भरतील.

मामी म्हणाली, "ते खरं गं, पण आपल्या पोरीचं काय?"

आपल्या पोरीचं काय ते वेळेवर होतं, आणि वेळच धड माहीत नव्हती.

पत्रिकेत ५.४५ लिहिलेलं. ती आजोबांनी गिरगावातल्या एका गुरुजींकडून बाराव्या दिवशी करून घेतलेली. पावणेसहा, पाऊण, अर्धा, सव्वा अशा गोल वेळा दिसल्या की मला संशय येतो. पहाटे प्रसूतिगृहाबाहेर बाकावर बसलेल्या माणसाला आतून 'मुलगी झाली' असं कळतं, तेव्हा तो हातातल्या घड्याळात बघून जवळचा पाऊण तास सांगतो. जन्माचा क्षण तो नसतो.

पहिला प्रयत्न जन्मदाखल्याचा. १५ जानेवारीला वॉर्ड ऑफिसात नवीन प्रतीसाठी अर्ज दिला, आठवड्याने प्रत मिळाली. त्यावर तारीख, ठिकाण, आई-वडिलांची नावं, नोंदणी क्रमांक, सगळं आहे, जन्मवेळ नाही. असतच नाही. दाखल्याच्या नमुन्यात वेळेचा रकाना नाही, त्यामुळे वेळेसाठी महापालिकेत खेपा घालू नका. आमची एक खेप आणि एक अर्धी रजा अशीच गेली. प्रसूतिगृह केव्हाच बंद झालेलं, तिथे आता क्लासेस चालतात. इतके जुने केसपेपर कुणी ठेवतही नाही.

सापडलं ते घरातच. २६ जानेवारीला सुट्टी होती म्हणून मामाने माळ्यावरची जुनी प्लास्टिकची फाइल काढली. त्यात लसीकरणाचं गुलाबी कार्ड आणि त्याला टाचणीने लावलेलं डिस्चार्ज कार्ड. टाचणी गंजून कागदावर तपकिरी भोक पडलेलं. वजन २.७ किलो, नॉर्मल डिलिव्हरी, आणि निळ्या शाईत वेळ: ५.५५. शेवटचा आकडा पाच की तीन यावर घरात दहा मिनिटं वाद झाला. भिंग आणलं. पाचच. तुमच्याकडे असं कार्ड असेल तर आजच फोटो काढून ठेवा, शाई उडते.

दहा मिनिटांनी काय एवढा फरक पडतो, असं मामाने विचारलं. बहुतेक पत्रिकांत काहीच पडत नाही. इथे पडला. त्या दिवशी मुंबईत मकर लग्न पहाटे ४ वाजून ३ मिनिटांच्या सुमारास सुरू झालं आणि ५.५३ च्या सुमारास संपून कुंभ लागलं. ५.४५ ला मकर लग्न, अठ्ठाविसाव्या अंशात. मकरेपासून कर्क सातवी, म्हणजे मंगळ सप्तमात, ऐन विवाहस्थानी. ५.५५ ला कुंभ लग्न, जेमतेम अर्धा अंश. कुंभेपासून कर्क सहावी. मंगळ षष्ठात, आणि लग्नाकडून दोष गायब.

मंगळ या दहा मिनिटांत कुठेही गेला नव्हता. सरकली ती आपण आखलेली रेघ.

पण म्हणून 'मंगळ नाही' म्हणून मोकळं होणं प्रामाणिकपणाचं नव्हतं. सीमा ५.५३ ची आणि नोंद ५.५५ ची. लेबर रूमचं घड्याळ तीन मिनिटं पुढे असेल तर पुन्हा मकर. नर्सने वेळ बाळ बाहेर आल्यावर लगेच लिहिली की नाळ कापून, पुसून, वजन करून मग लिहिली, हे कोण सांगणार? वरून अयनांशाचा प्रश्न, म्हणजे राशीचक्राची सुरुवात आकाशात नेमकी कुठे धरायची हा. आपली बहुतेक पंचांगं चित्रापक्षीय, म्हणजे लाहिरी अयनांश वापरतात. ॲपमध्ये तिथे 'रमण' निवडलेलं असेल, तर जवळजवळ दीड अंशाचा फरक येतो आणि हीच सीमा पाच मिनिटं अलीकडे, ५.४८ वर येते. म्हणून लग्नाचे अंश बघायची सवय लावा. नुसती रास पुरत नाही. लग्न पहिल्या किंवा शेवटच्या दोन अंशांत असेल तर तिला लग्नसंधी म्हणतात, आणि अशा पत्रिकेत स्थानांवर आधारलेलं कुठलंही ठाम विधान सावधपणे घ्यायचं.

अजून एक चूक इथे सापडली, मुंबईकरांची खास. मुंबईची स्थानिक वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या सुमारे ३९ मिनिटं मागे आहे. हाताने पत्रिका मांडणारे हा फरक वजा करतात, ते बरोबर. पण सॉफ्टवेअर रेखांशावरून तो स्वतःच करतं. मुलाकडच्यांनी पाठवलेल्या छापील पत्रिकेत जन्मवेळ ५.०६ दिसत होती. म्हणजे कुणीतरी ५.४५ मधून ३९ वजा करून ते यंत्रात घातलं, आणि यंत्राने पुन्हा वजा केलं. ५.५५ दिली असती तरी असं दुहेरी वजा होऊन मकर लग्नच आलं असतं आणि सगळ्यांना वाटलं असतं, बघा, पक्का झाला. घड्याळातली वेळ जशीच्या तशी भरा.

१ फेब्रुवारी, शनिवार. पार्ल्यातल्या एका गुरुजींकडे गेलो. मुलाकडचे हे नव्हेत. दक्षिणा ५०१ रुपये, थांबावं लागलं दीड तास. पुढे चार कुटुंबं, चारही लग्नाचीच. गुरुजींनी दोन्ही वेळा घेतल्या आणि लगेच सांगितलं, "कुंभ लग्न घ्या नाहीतर मकर. चलितात मंगळ सातवाच."

हे बरोबर होतं, आणि मी आदल्या आठवड्यात इथेच घाई केली होती. राशी कुंडलीत एक रास म्हणजे एक घर. भावचलितात लग्नाचा अंश हा पहिल्या घराचा मध्य धरतात, सुरुवात नव्हे. कुंभेचा अर्धा अंश हा प्रथमभावाचा मध्य असेल, तर सप्तमभावाचा मध्य सिंहेच्या अर्ध्या अंशावर येतो आणि सातवं घर कर्केच्या साधारण पंधरा-सतरा अंशांपासूनच सुरू होतं. मंगळ एकवीस अंशांच्या पुढे. म्हणजे राशीने सहावा, भावाने सातवा. पहिल्या रात्रीची तीन ॲप वेगळी का बोलली याचं अर्धं उत्तर इथे मिळालं. एक नुसतं चंद्राकडून चौथा धरत होतं, एक सगळे अपवाद लावून 'नाही' म्हणत होतं. चंद्र मेषेत असल्यामुळे तिथून कर्क चौथी, शुक्र मकरेत असल्यामुळे तिथून सातवी. 'तिन्हीकडून' हे मुलाकडच्या गुरुजींचं म्हणणं त्यांच्या गणिताने खोटं नव्हतं.

गुरुजींकडे जाताना पहिला प्रश्न हाच विचारावा: तुम्ही राशी कुंडलीवरून बघता की चलितावरून, आणि नुसतं लग्न धरता की चंद्र-शुक्रही? याचं सरळ उत्तर देणारा माणूस पुढेही सरळ बोलतो, असा माझा अनुभव.

इथवर गुरुजींचं बरोबर. पुढे मात्र त्यांनी दोषाची तीव्रता न बघता थेट उपाय सांगितला. कुंभविवाह, म्हणजे मुलीचं आधी मातीच्या घटाशी लग्न लावून मग तो विसर्जित करायचा. साहित्यासकट १८,५०० रुपये, तारीख पुढच्या मंगळवारची. शिवाय पोवळ्याची अंगठी, त्यांच्या ओळखीच्या सराफाकडून. मामी पर्स उघडायच्या बेतात होती. मी विचारलं, "गुरुजी, अपवाद बघितले का?" ते म्हणाले, "सप्तमातल्या नीच मंगळाला अपवाद नसतो." कर्क ही मंगळाची नीच, म्हणजे सगळ्यात दुबळी रास मानतात. आम्ही विचार करून कळवतो म्हणून उठलो. कुंभविवाह हा जुन्या विधींमध्ये वैधव्ययोगासाठी सांगितलेला आहे. सरसकट प्रत्येक मंगळाच्या मुलीला तो लावणं ही अलीकडची सोय.

अपवादांबद्दल थोडं सविस्तर, कारण खरी तपासणी तिथेच होते आणि बहुतेक ठिकाणी तीच वगळली जाते.

पहिला प्रकार राशींचा. मंगळ लग्नी मेषेचा, बाराव्यात धनूचा, चौथ्यात वृश्चिकेचा, सातव्यात मकरेचा किंवा आठव्यात कर्केचा असेल तर दोष धरू नये, असा एक प्रचलित श्लोक आहे. पुस्तकागणिक त्याचा पाठ थोडा बदलतो. गंमत बघा, हीच मुलगी पहाटे चारच्या आत जन्मली असती तर धनु लग्न येऊन मंगळ अष्टमात, तोही नीच, ऐकायला सगळ्यात भयंकर, आणि या श्लोकाने पूर्ण दोषमुक्त. आमच्या सप्तमातल्या कर्केच्या मंगळाला हा अपवाद मिळत नाही. गुरुजी तेवढ्यापुरते खरे होते.

दुसरा प्रकार दृष्टीचा. पाराशर होराशास्त्राच्या स्त्रीजातक अध्यायात याच पाच स्थानांचा नियम येतो, पण तिथे एक अट जोडलेली आहे: शुभग्रहाची दृष्टी किंवा युती नसेल तर. ही अट बोलण्यात कायम गळते. आता पत्रिका बघा. मार्च १९९५ मध्ये गुरू वृश्चिकेत होता, विसाव्या अंशाच्या आसपास. गुरूची दृष्टी पाचव्या, सातव्या आणि नवव्या राशीवर असते. वृश्चिकेपासून मोजा: वृश्चिक, धनु, मकर, कुंभ, मीन, मेष, वृषभ, मिथुन, कर्क. नववी कर्क. गुरूची पूर्ण दृष्टी थेट मंगळावर, आणि अंशही जवळजवळ जुळतात. शिवाय ही दृष्टी लग्नावर अवलंबून नाही. मकर घ्या, कुंभ घ्या, पावणेसहा घ्या, पाच पंचावन्न घ्या, ती हलत नाही. जन्मवेळेचा घोळ असलेल्या पत्रिकेत असेच आधार शोधायचे, जे वेळेवर टांगलेले नाहीत.

तिसरा प्रकार वादाचा. मंगळ नीच किंवा वक्री असेल तर तो दुबळा, म्हणून दोष धरू नका असं काही जण म्हणतात. काही जण नेमकं उलटं म्हणतात, नीच आहे म्हणून जास्त वाईट. दोन्ही बाजूंनी संस्कृत वचनं काढता येतात. अशा मुद्द्यावर लग्न ठरवू नये आणि मोडूही नये. 'अठ्ठाविसाव्या वर्षानंतर मंगळ उतरतो' हेही त्यातलंच. बहिणीला तीस पूर्ण होत होती. ती म्हणाली, "मग दोन वर्षांपूर्वीच उतरला, तुम्ही आत्ता कशाला चढवताय?"

९ फेब्रुवारी, रविवार. मुलुंडला एका वयस्कर ज्योतिषीबाईंची वेळ मिळाली, आठ दिवस आधी फोन करून. फी १,१०० रुपये, दोन्ही पत्रिका आणायच्याच ही अट. एका पत्रिकेवरून मंगळ सांगत नाही, असं त्यांनी फोनवरच सांगितलं होतं. दोष हा जोडीचा विचार आहे. दोन्हीकडे मंगळ असेल तर तो एकमेकांत फिटतो. आणि मुलाच्या पत्रिकेत त्याच पाच स्थानांत शनी किंवा दुसरा पापग्रह असेल तरीही फिटतो, असं वचन आहे.

मुलगा नोव्हेंबर १९९२ च्या अखेरचा, पहाटे पाचच्या सुमाराचा, तूळ लग्न. बाईंनी त्याची कुंडली वहीत मांडली, पेन्सिलने, आणि हसल्या. "मंगळ बघितलात का याचा?"

बघितला नव्हता. 'मुलाला मंगळ नाही' म्हटल्यावर आम्ही कुणीच त्याच्या मंगळाकडे पाहिलं नव्हतं. तोही कर्केतच. तोही नीच. तीन अंशांवर, वक्री व्हायच्या बेतात जवळजवळ थांबलेला. तुळेपासून कर्क दहावी पडते म्हणून त्याच्या बायोडेटात 'मंगळ नाही', आणि मकरेपासून सातवी पडते म्हणून हिच्यावर 'कडक मंगळ' असा शिक्का. रास तीच, नीचत्व तेच. त्याचा शनी मकरेत, म्हणजे तुळेपासून चौथा. पाच स्थानांपैकी एक. तेव्हा मंगळ-शनी साम्यही झालं.

बाईंनी पन्नास मिनिटं घेतली. गुणमिलन वेगळं केलं आणि मुद्दाम सांगितलं की छत्तीस गुणांत मंगळाचा एकही गुण नाही, त्यामुळे 'गुण अठ्ठावीस जुळतात पण मंगळामुळे कमी झाले' असं कुणी म्हणालं तर त्याला गणित येत नाही असं समजा. उपाय विचारल्यावर म्हणाल्या, "मनाला बरं वाटत असेल तर घरी गणपतीला दर मंगळवारी लाल फूल वाहा. पैसे घेऊन सांगावा असा उपाय यात काही नाही." मामीने तरी अमळनेरच्या मंगळग्रह मंदिरात एकदा जाऊन यायचं मनात धरलंय. ते तिचं तिने ठरवावं.

मी त्यांना निघताना विचारलं, इतकी वर्षं पत्रिका बघताय, मंगळाने लग्नं बिघडलेली दिसतात का? त्या म्हणाल्या, "बिघडलेली लग्नं घेऊनच लोक येतात. मग मंगळ शोधतात आणि सापडतो. ज्यांचं बरं चाललंय ते मंगळाचे आहेत की नाहीत हे मला कोण सांगायला येणार?" ऐंशी टक्क्यांचा हिशेब आठवला. शोधला तर सापडणारच.

१६ फेब्रुवारीला मुलाकडचे आले. भांडण टाळायचं म्हणून त्यांच्या गुरुजींना चूक म्हणायचं नाही असं आधीच ठरवलं होतं, आणि खरं तर ते पूर्ण चूक नव्हतेही. एका पानावर चार गोष्टी लिहून ठेवल्या होत्या: डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स आणि लग्नसंधी, राशीने सहावा पण चलिताने सातवा, हे न लपवता, गुरूची नववी दृष्टी, आणि मुलाचा चौथ्यातला शनी. मुलाच्या मंगळाचं त्या पानावर लिहिलं नव्हतं, ते तोंडी सांगितलं. त्याच्या आईंनी लगेच मुलाकडे पाहिलं, जणू त्याने काही लपवलं होतं. वडील म्हणाले, "गुरुजींना हे पान व्हॉट्सॲप करतो." पाऊण तासात गुरुजींचं उत्तर आलं: गुरुदृष्टी मान्य, वेळेची दुरुस्ती मान्य, हरकत नाही. तेवढ्या वेळात चहा दोनदा झाला आणि पोह्यांचं पातेलं रिकामं झालं.

सगळा खर्च मोजला तर दोन दक्षिणा मिळून १,६०१, दाखल्याचं किरकोळ शुल्क, रिक्षा-लोकल, झेरॉक्स. दोन हजारांच्या आत. त्यातली पहिली ५०१ वाया गेली असं मी म्हणणार नाही, चलित तिथेच कळलं.

राहिला बायोडेटा. विवाह मंडळाच्या फॉर्मवर 'मंगळ' या रकान्यात तीनच पर्याय असतात: आहे, नाही, सौम्य. लग्न ठरलं तरी मामाला जुनी नोंद दुरुस्त करायचीच होती, चुकीचं छापलेलं त्याला झोपू देत नव्हतं. त्याने फोन करून विचारलं, "लग्नसंधी, चलिताने सप्तम, गुरुदृष्ट असं लिहिता येईल का?" पलीकडच्या मुलीने थोडा वेळ शोधलं आणि म्हणाली, "काका, तिथे बारा अक्षरंच बसतात."